जाहिरात बंद केली तरी पैसे कटून राहिले? फेसबुक-इंस्टाग्रामचा खर्च खरंच कसा थांबवायचा, आणि मागचं बिल कसं मिटवायचं

मी नागपुरात इतवारी, महाल, गांधीबाग इकडच्या छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन बसायचं, एकेक एन्ट्री कशाची ते लिहायचं, हे माझं काम. आणि गेल्या काही वर्षांत एक एन्ट्री इतक्या दुकानांत इतक्यांदा सापडली की आता लिहूनच टाकते, कारण प्रत्येक वेळी गोष्ट तीच असते आणि दुरुस्तीही तीच.

आधी लक्षणं सांगते, तुमचं जुळतं का बघा.

बँकेचा मेसेज येतो, त्यात FACEBK असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा एक कोड. चार-पाच दिवसांनी परत तसाच मेसेज, रक्कम जवळपास तीच. किंवा मग महिन्याच्या ठराविक तारखेला एकदाच कटते. तुम्ही म्हणता ऑफर तर दिवाळीतच संपली. किंवा जाहिरात बंद केल्याचं तुम्हाला पक्कं आठवतं तरी दोन दिवसांनी एकदा पैसे गेलेच. किंवा कार्ड ब्लॉक केलं, मेसेज थांबले, सगळं शांत, आणि मग सहा आठवड्यांनी नवीन कार्ड टाकलं की लगेच जुनी रक्कम कटली. आणखी एक लक्षण म्हणजे तुम्ही रोजचे 300 ठरवले होते पण हिशेब लावला तर रोजचे 354 जाताहेत, हे मात्र बिघाड नाही, तो 18% जीएसटी आहे, तो तुम्ही टाकलेल्या बजेटच्या वरून लागतो.

आता खरी गोष्ट. गांधीबागेत एक मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असं सगळं. दुकानाच्या मालकांना मी काकाजी म्हणते. त्यांच्या भाच्याने 1 ऑक्टोबरला दुकानाच्या पेजवरची एक पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवली, दिवाळी ऑफरची, रोजचे 300 रुपये. गिऱ्हाईक आलंही. दिवाळी झाली, भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला. काकाजींच्या डोक्यात जाहिरात दिवाळीबरोबर संपलेली होती. जानेवारीच्या 2 तारखेला त्यांनी कार्डाचं बिल नीट वाचलं आणि तिथल्या तिथे बँकेत फोन करून कार्ड ब्लॉक केलं. फेब्रुवारीत लग्नसराईची जाहिरात करायची म्हणून नवीन कार्ड टाकलं तर आधी 1,770 कटले, आणि पाच दिवसांनी परत 1,770. तेव्हा ते फोन घेऊन माझ्याकडे आले, "अगं पोरी, कार्ड तर मी ब्लॉक करून टाकलं होतं, मग हे काऊन मागून राहिले परत?"

या प्रश्नाचं उत्तर कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोकं तिघींना एकच समजतात. एक जाहिरात, जी चालू आहे तोवर खर्च चढत राहतो. दुसरी म्हणजे उधारी, म्हणजे चढलेला पण अजून न कापलेला खर्च. तिसरी पैसे कापायची परवानगी, म्हणजे कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे. काकाजींनी तिसरी बंद केली. पहिली बंद केलेलीच नव्हती आणि दुसरी तशीच उभी राहिली. वाण्याकडे खातं चालू आहे आणि तुम्ही पाकीट घरी ठेवून आलात तर उधारी मिटत नाही, तसंच. म्हणून क्रम असाच ठेवायचा, आधी जाहिरात बंद, मग उधारी चुकती, आणि शेवटी कार्ड काढायचं. उलटं केलं की फसतं.

आता तपासण्या. फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या आधी.

पहिलं, नुसते मेसेज वाचा

काही दाबायच्या आधी मागच्या दोन-तीन महिन्यांचे बँकेचे मेसेज किंवा स्टेटमेंट काढा आणि कागदावर तारीख, रक्कम आणि FACEBK च्या पुढचा कोड लिहून घ्या. कंटाळवाणं आहे पण यातूनच अर्धं कळतं, आणि तो कोड पुढे फार कामाला येतो.

पैसे रोज कटत नाहीत. खर्च चढत जातो, एका ठराविक रकमेला पोचला की कटतो, आणि त्या रकमेला नाही पोचला तर महिन्याच्या बिलाच्या तारखेला जेवढा असेल तेवढा कटतो. ही ठराविक रक्कम प्रत्येक खात्याची वेगळी असते, नवीन खात्याची छोटी असते आणि पैसे नीट भरत गेलं की वाढत जाते. काकाजींच्या खात्याला ती 1,500 होती. रोजचे 300 म्हणजे पाच दिवसांत 1,500, त्यावर 18% म्हणजे 270, झाले 1,770. बरोबर दर पाच दिवसांनी. (महिन्याच्या तारखेला मध्येच एखादी छोटी रक्कम येते, ती इथे सोडून देते नाहीतर हिशेब किचकट होतो.)

ऑक्टोबर ते डिसेंबर 92 दिवस. त्यात 18 वेळा कटले, 90 दिवसांचे, 18 गुणिले 1,770 म्हणजे 31,860. डिसेंबरचे शेवटचे दोन दिवस आणि जानेवारीचे तीन मिळून एकोणिसावा हप्ता तयार झाला, पण तोवर कार्ड ब्लॉक होतं, तो फेल गेला. तेच 1,770 फेब्रुवारीत नवीन कार्डावरून पहिले कटले. म्हणजे ती जुनी उधारी होती आणि ती कायदेशीर होती, जाहिरात तेव्हा खरंच चालली होती. पण पाच दिवसांनंतरचे 1,770? ते जुने असूच शकत नाहीत, कारण उधारी शून्य झाली होती. म्हणजे कुठेतरी जाहिरात आत्ता या घडीला चालू आहे.

एवढंच बघायचं असतं या पहिल्या तपासणीत. एकदाच कटून थांबलं तर मागची उधारी, आणि ठराविक दिवसांनी परत परत कटून राहिलं तर चालू जाहिरात. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

आणि मेसेजमध्ये FACEBK ऐवजी GOOGLE लिहिलं असेल तर ते गूगलचं, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

दुसरं, फोनवरूनच जाहिरात शोधा

फेसबुकवर दुकानाच्या पेजवर जा, तिथे Ad Center असतं. इंस्टाग्रामवर प्रोफाइलवरच्या प्रोफेशनल डॅशबोर्डमध्ये Ad tools असतं. दोन्हीकडे बघा, एकीकडे नाही दिसली तर दुसरीकडे असेल. जी जाहिरात Active दिसते ती उघडायची आणि Pause किंवा Delete करायचं. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं तर काहीही होत नाही, जाहिरात तुमच्या फोनवरून चालत नसते. हे लिहावं लागतं कारण दोन जणांनी माझ्यासमोर तेच केलं होतं आणि निर्धास्त झाले होते.

बूस्ट करताना किती दिवस चालवायची हे विचारतात तिथे दोन पर्याय असतात. एक तारीख ठरवून द्यायचा, आणि दुसरा Run this ad continuously, इंस्टाग्रामवर तो "तुम्ही पॉज करेपर्यंत चालवा" अशा अर्थाचा असतो. घाईत हा दुसरा राहून जातो. भाच्याचं तेच झालं होतं. यात फेसबुकने काही लपवलं नव्हतं, स्क्रीनवर लिहिलेलं होतं, पण पोरगं बजेट आणि फोटो बघत होतं, तारखेकडे कोण बघतं.

काकाजींच्या फोनवर मात्र काहीच दिसलं नाही. एकही चालू जाहिरात नाही. इथेच बहुतेक लोकं हात टेकतात आणि म्हणतात की फेसबुक उगाच पैसे कापतं.

तिसरं, कॉम्प्युटरवर Ads Manager उघडा, आणि खातं बदलून बघा

खरा घोळ इथे असतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेज म्हणजे जाहिरातीचं खातं नव्हे. पैसे जातात ते ॲड अकाउंटमधून, आणि ॲड अकाउंट माणसाच्या प्रोफाइलला किंवा बिझनेस पोर्टफोलिओला, म्हणजे धंद्याची पेजं आणि खाती एकत्र ठेवायच्या जागेला, जोडलेलं असतं. भाच्याने बूस्ट केलं ते पेज काकाजींचं, कार्ड काकाजींचं, पण ॲड अकाउंट भाच्याचं स्वतःचं. म्हणून काकाजींच्या लॉगिनमधून ते दिसलं नाही. आणि फेब्रुवारीत नवीन कार्ड कोणी टाकलं, तर भाच्यानेच, पुण्यात बसून, त्याच जुन्या खात्यात. उधारी भरली गेली, खातं मोकळं झालं, आणि दिवाळीची जाहिरात तर कधी बंद केलेलीच नव्हती, नुसती पैशाअभावी अडकली होती, ती परत धावायला लागली. फेब्रुवारी महिन्यात दिवाळी धमाका ऑफर!

तर करायचं असं. ज्याने कधीही दुकानासाठी जाहिरात केली असेल त्या प्रत्येकाच्या लॉगिनमधून, मुलगा, भाचा, कामावरचा पोरगा, adsmanager.facebook.com उघडायचं. फोनपेक्षा कॉम्प्युटरवर करा, फोनवर अर्धं लपलेलं राहतं. वर डाव्या बाजूला खात्याचं नाव आणि नंबर असतो, त्याच्यावर दाबलं की बाकीची खाती दिसतात. एकेक खातं उघडा. तारखेचा कालावधी मागच्या 30 दिवसांचा किंवा त्याहून मोठा करा, नाहीतर कधी कधी थोड्याच दिवसांचा खर्च दिसतो आणि वाटतं सगळं शून्य आहे. Amount spent हा कॉलम बघा. जिथे आकडा आहे तिथे तुमचे पैसे गेले.

हेच खातं आपलं आहे का याची खात्री कशी करायची, तर Billing & payments मध्ये पैसे कटल्याची यादी असते आणि प्रत्येकासमोर रेफरन्स नंबर असतो. कागदावर लिहिलेला FACEBK च्या पुढचा कोड त्याच्याशी जुळवा. जुळला म्हणजे सापडलं, आता अंदाज लावायची गरज नाही. काकाजींनी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, त्याने स्क्रीन दाखवली, मी कागदावरून कोड वाचला, तिसरा कोड वाचेपर्यंत खातं पक्कं झालं.

बंद करताना कॅम्पेनच्या पातळीवरचं बटन बंद करा. जाहिरात तीन थरांत असते, वर कॅम्पेन, त्यात ॲड सेट, त्यात ॲड. वरचं बंद केलं की खालचं सगळं बंद. लोकं खालची एक ॲड बंद करतात आणि त्याच ॲड सेटमधली दुसरी चालू राहते, बजेट तेवढंच, ते सगळं दुसरीवर खर्च होतं. म्हणून खर्च रुपयानेही कमी होत नाही आणि माणूस म्हणतो मी तर बंद केलं होतं.

बंद करूनही दोन-चार दिवसांनी ते परत चालू दिसत असेल तर कोणीतरी, किंवा काहीतरी, चालू करतं आहे. Ads Manager मध्ये Automated rules म्हणून भाग असतो, अमुक झालं की कॅम्पेन चालू कर असा नियम तिथे लावून ठेवता येतो. जाहिरातीचं काम बाहेर दिलेल्या दुकानांत हे दोनदा सापडलं. तिथला नियम बंद करा. आणि Activity history मध्ये कोणी कधी काय बदललं ते नावासकट लिहिलेलं असतं, ते बघितलं की आपसात भांडण होत नाही.

इतकं करूनही नक्की कोणती जाहिरात ते कळतच नसेल, पण खातं सापडलं असेल, तर पेमेंट सेटिंगमध्ये Account spending limit लावा, आजपर्यंतच्या खर्चाच्या थोडीशी वर. ती मर्यादा गाठली की त्या खात्यातल्या सगळ्याच जाहिराती थांबतात. मग शांतपणे शोधत बसा.

चौथं, उधारी चुकती करा, आणि बंद केल्यानंतरचं एक बिल येऊ द्या

जाहिरात आज बंद केली तरी मागच्या कापणीनंतर चढलेला खर्च शिल्लक असतो. काकाजींची जाहिरात आम्ही बंद केली तेव्हा शेवटचे 1,770 कटून तीन दिवस झाले होते, म्हणजे 900 अधिक 162, 1,062 रुपये उभे होते. हे कटणार म्हणजे कटणार. ठराविक रकमेला पोचले नाहीत म्हणून महिन्याच्या तारखेपर्यंत वाट बघतील, आणि मग तीन आठवड्यांनी अचानक मेसेज आला की माणूस घाबरतो, अरे परत सुरू झालं. म्हणून मी सांगते त्याच दिवशी Billing & payments मध्ये जाऊन Pay now करून टाका. एक दिवस थांबून केलं तर आणखी बरं, कारण बंद केल्यावरही शेवटच्या काही तासांचा खर्च मागून चढतो आणि पाच-दहा रुपये राहून जातात.

उधारी बुडवायची का, असं बरेच जण विचारतात. रक्कम छोटी, कोण येणार मागायला. तुमची जाहिरात खरंच चालली असेल तर बुडवू नका. खातं अडकतं, आणि पुढे त्याच कार्डावर किंवा त्याच बिझनेसमध्ये नवीन खातं काढलं तरी अडचण येऊ शकते. बँकेला हा व्यवहार माझा नाही असं खोटं सांगून पैसे परत मागवणं तर त्याहून वाईट, जाहिरातीचा हिशेब त्यांच्याकडे तारखेसकट असतो, खोटं पकडलं जातं.

बिलं उतरवून घ्या, सगळ्या महिन्यांची, खातं बंद करायच्या आधी. आणि खात्यात तुमचा जीएसटी नंबर टाकलेला आहे का बघा. काकाजी रेग्युलर जीएसटीत आहेत, दर महिन्याला रिटर्न जातं, पण भाच्याने खातं स्वतःच्या नावाने काढलं त्यामुळे जीएसटी नंबर कुठेच नाही. त्या 18 हप्त्यांतला जीएसटी 4,860 रुपये होतो. नंबर असता तर ती बिलं त्यांच्या जीएसटीआर-2B मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर खरेदीच्या बिलांची जी यादी बनते त्यात, आली असती आणि क्रेडिट मिळालं असतं, म्हणजे भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा झाले असते. आता गेले ते. काकाजी त्या दिवशी सगळ्यात जास्त कशाने गप्प झाले तर या आकड्याने. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट तसंही मिळत नाही, मग हा मुद्दा सोडा.

याचा उलटाही उपयोग होतो. जीएसटी नंबर टाकलेला असेल पण खातं कोणाकडे आहे तेच माहीत नसेल तर पोर्टलवर 2B उघडून बघा, जाहिरातीचं बिल कोणत्या महिन्यात किती रकमेचं लागलं ते तिथे दिसतं. बँकेच्या मेसेजशिवाय हा दुसरा पुरावा.

पाचवं, आता कार्ड काढा

शिल्लक शून्य दिसली की मग पेमेंट मेथडमधून कार्ड काढायचं. उधारी असताना किंवा जाहिरात चालू असताना ते काढूच देत नाही, लोकं म्हणतात बटनच काम करत नाही, त्याचं कारण हे.

त्यानंतर बँकेकडची परवानगी. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी ई-मँडेट घ्यावं लागतं, आणि कापायच्या निदान 24 तास आधी बँकेने मेसेज पाठवायचा, त्यात नाही म्हणायची सोय असते. 2022 पासून साधारण व्यवहारांना 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून हे 1,770 गुपचूप जातात. तो आधीचा मेसेज येतो पण आपण जाहिरातीचे मेसेज समजून वाचतच नाही. बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर ई-मँडेटची यादी असते, तिथून रद्द करा. यूपीआयने लावलं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग शोधा, तिथे चालू मँडेट दिसतात, रद्द करायला यूपीआय पिन लागतो, दोन मिनिटांचं काम.

परत सांगते, हे शेवटी. काकाजींनी हे आधी केलं आणि सहा आठवडे त्यांना वाटत राहिलं की विषय संपला.

गूगलचं थोडक्यात

तत्त्व तेच. ads.google.com वर जाऊन आधी कॅम्पेन पॉज करा. बिलं आणि शिल्लक Billing मध्ये. गूगलवर एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पटपर्यंत खर्च होऊ शकतो, मात्र महिन्यात रोजच्या बजेटच्या 30.4 पटीच्या वर बिल लावत नाहीत, त्यामुळे एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नका, महिन्याचा बघा. परत कधी करायचीच नसेल तर खातं रद्द करायचा पर्याय असतो, जाहिराती साधारण 24 तासांत थांबतात, आणि तोवर चढलेला खर्च मागून कटतो. आधी पैसे भरून चालवत असाल तर खातं रद्द केल्यावर उरलेली रक्कम परत मिळते, पण भरलेल्या 1,000 तून जीएसटी आधीच वेगळा निघून जाहिरातीला साधारण 847 च जमा झालेले असतात, ते लक्षात ठेवून हिशेब करा. ज्यांनी गूगल मॅपवर दुकान टाकलं आणि तिथलंच जाहिरातीचं बटन सहज दाबून बघितलं त्यांचंही गूगल ॲड्सचं खातं तयार झालेलं असू शकतं, आमचं तर खातंच नाही असं म्हणायच्या आधी त्याच ईमेलने एकदा लॉगिन करून बघा.

सहावं आणि सगळ्यात अवघड, खातं दुसऱ्याच्या ताब्यात आहे

सीताबर्डीवरच्या एका चपलांच्या दुकानाने काम एका जाहिरातवाल्याला दिलं होतं. कार्ड दुकानाचं, ॲड अकाउंट त्याच्या पोर्टफोलिओत. ताईंनी काम बंद करा म्हटलं, तो हो म्हणाला, फोन उचलणं बंद. पैसे चालू.

इथे तुम्ही जाहिरात स्वतः बंद करू शकत नाही कारण खातंच तुमचं नाही. पण पेज तुमचं आहे. business.facebook.com वर सेटिंगमध्ये Partners आणि People बघा, तिथून त्याचा पेजवरचा ॲक्सेस काढा. तुमच्या पेजच्या नावाने नवीन जाहिरात त्याला मग लावता येत नाही. त्यानंतर त्याला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर चालेल पण तारीख, FACEBK चे कोड आणि रक्कम लिहून, आणि अमुक तारखेपर्यंत कार्ड काढा, बिलं द्या असं स्पष्ट. हा कागद पुढे बँकेत लागतो. आणि या एकाच प्रसंगात क्रम मोडायचा, उधारीची वाट न बघता बँकेकडून मँडेट रद्द करायचं, कारण ती उधारी त्याच्या खात्यावर चढते आहे आणि थांबवायचा दुसरा रस्ता तुमच्याकडे नाही. ताईंनी तसंच केलं, त्यांचे 4 दिवसांत थांबले. मागचे पैसे मात्र त्याच्याकडून अजून निघालेले नाहीत.

इथे थांबा आणि माणूस गाठा

ओळखीच्या कोणाच्याच खात्यात कोड जुळत नसेल, किंवा तुमच्याच खात्यात अनोळखी जाहिराती, अनोळखी नावं, डॉलरमधलं बजेट असं काही दिसत असेल, तर आणखी शोधत बसू नका, खातं हॅक झालेलं असू शकतं. आधी बँकेला कळवा, तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे, चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, चार ते सात कामाचे दिवस झाले तर मर्यादित येतं, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. म्हणून रविवारी निवांत बघू असं करू नका. सोबत 1930 ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका.

गूगलवर शोधून मिळालेल्या फेसबुक कस्टमर केअरच्या नंबरवर फोन करू नका. स्क्रीन शेअर करा म्हणतात आणि उरलेलंही जातं. मदत मागायची ती लॉगिन केल्यावर आतमध्ये मदतीचा जो भाग असतो तिथूनच.

जीएसटी नंबर आधी नव्हता, आता टाकला, मागच्या बिलांचं काय, हे किंवा दुसऱ्याच्या नावाच्या बिलांचा खर्च दुकानात दाखवायचा का, हे मला विचारू नका, भाच्यालाही विचारू नका, तुमच्या सीएला विचारा आणि रिटर्न भरायच्या आधी विचारा. मी काकाजींना तिथेच पाठवलं.

सीएकडे आणि बँकेत जाताना न्यायचं एवढंच. तारीख-रक्कम-कोड लिहिलेला तो कागद, उतरवलेली बिलं, जाहिरात बंद केल्याचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि शिल्लक शून्य दाखवणारा दुसरा स्क्रीनशॉट. काकाजींचे 1,062 भरून झाले त्या दिवशी दोन्ही काढून ठेवले. पुढच्या महिन्याच्या बिलाच्या तारखेला त्यांनी सकाळीच फोन केला, "पोरी, आज काही आलं नाही बरं का." संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं. संध्याकाळी परत फोन आला, नाही आलं.